बदामीत दोन दिवस: धावपळ की मुक्काम?

बेळगावहून बदामी साधारण दीडशे किलोमीटर. एका दिवसात लेणी, पट्टदकल आणि ऐहोळे उरकता येतात, पण तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत सगळी देवळं सारखीच दिसू लागतात. डोळे थकल्याची ती खूण. तरीही नवं ठिकाण दिसलं की ज्यांना हुरूप येतो, त्यांनी खुशाल धावावं. फक्त गाडी स्वतःची हवी, बसच्या वेळांवर हे जमत नाही.

दुपारी आडवं झाल्याशिवाय ज्यांचं चालत नाही, त्यांनी बदामीतच राहावं. सकाळी लेणी, तिसऱ्यात इ.स. ५७८ चा शिलालेख निवांत पाहावा. संध्याकाळी अगस्त्य तलावाकाठी भूतनाथाचं देऊळ. खाऊची पिशवी मात्र उघडी नको, माकडं सोडत नाहीत.

सोबत आजी-आजोबा असतील तर पायऱ्यांचा हिशेब आधी.