फेऱ्या मोजाव्यात की मिनिटं?

खेळाच्या तासाला मुलांना 'मैदानाला पाच फेऱ्या' सांगितल्या की चपळ मुलं लवकर थांबतात आणि जाड मूल शेवटची फेरी सगळ्यांच्या नजरेसमोर एकटं मारतं. त्याला कुणी हसलं नाही तरी व्हायचं ते झालेलंच असतं.

त्याऐवजी 'सहा मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगानं' सांगा. शिट्टी वाजली की सगळे एकदमच थांबतात. चालणं-पळणं आलटूनपालटून सगळ्यांनाच चालेल, हेही आधीच सांगा. फक्त त्याच मुलाला सवलत दिली तर पुन्हा बोट त्याच्याकडेच जातं.

माझा कौल मिनिटांना. अडचण एकच: गोल मैदानावर मागं पडलेलं मूल तरीही दिसतं. म्हणून मुलांना चार वेगवेगळ्या जागांवरून सुरुवात करायला लावा. 'शाब्बास, तूही पळालास!' हे मात्र टाळा.