एचडीएमआय पोर्ट गेलं आणि ग्राफिक्स कार्ड झोपलं: वर्षभर वापरल्यानंतर

बाराव्या पिढीचा आय-५, ४ जीबीचं आरटीएक्स ३०५० आणि १४४ हर्ट्झचा पडदा या वर्गातल्या लॅपटॉपची माहिती इथे सगळ्यांना पाठ आहे, ती परत देत नाही. कीबोर्ड उत्तम, स्पीकर टुकार, बॅटरी सांगतात त्याच्या निम्मी. मला लिहायचंय ते त्याच्या दोन भोकांबद्दल: मागचं एचडीएमआय आणि डावीकडचं यूएसबी-सी. माहितीपत्रकात दोन्हींपुढे ‘बाहेरचा मॉनिटर चालतो’ एवढंच छापलंय. कोणतं भोक कोणत्या चिपला जोडलंय, याबद्दल अवाक्षर नाही.

चिरंजीव मॉनिटर लावून माइनक्राफ्ट खेळतात, तेही शेडर्स टाकून. एचडीएमआयवर सेकंदाला ऐंशीच्या आसपास फ्रेम्स मिळायच्या. रोजच्या ओढाताणीत ते पोर्ट सैल झालं, आधी पडदा लुकलुकायला लागला आणि मग कायमचा काळा. वॉरंटीत ‘फिजिकल डॅमेज’ बसत नाही, मदरबोर्ड बदलायचे छत्तीस हजार होतील, असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं. म्हटलं, राहू द्या. सी-टू-एचडीएमआय केबल आणली आणि तोच मॉनिटर डावीकडच्या पोर्टला लावला. चित्र झकास आलं, १४४ हर्ट्झही मिळाले, पण गेम अठरा फ्रेम्सवर रांगायला लागला.

सेंटरला फोन केला तर म्हणे, “सर, केबल लोकल असेल, नाहीतर मॉनिटर कंपॅटिबल नसेल. एकदा फॉरमॅट मारून बघू.” केबल खराब असती तर चित्र तुटलं असतं, फ्रेम्स कशाला कमी होतील?

खरं कारण मदरबोर्डच्या वायरिंगमध्ये आहे. अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या चिपा दोन. प्रोसेसरमधली इंटेलची आणि वेगळी एनव्हिडियाची. स्वतःचा पडदा इंटेलला जोडलेला असतो. माझ्या मॉडेलमध्ये सी पोर्टही इंटेललाच आहे आणि एचडीएमआय थेट एनव्हिडियाला. दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलमध्ये याच्या बरोबर उलटंही सापडेल, त्यामुळे माझ्यावरून तुमचं ठरवू नका. आणि मॉनिटरच्या टोकाला एचडीएमआय खोचलं म्हणून काही बदलत नाही. लॅपटॉपच्या टोकाला केबल कुठे शिरते, ते महत्त्वाचं.

आता पोर्टवरून गेम कोण रंगवणार हे कसं ठरतं? गेमने किंवा वापरणाऱ्याने स्पष्ट मागणी केली नसेल, तर विंडोज मुख्य डिस्प्ले ज्या चिपवर आहे तिला पुढे करतं. डायरेक्टएक्सच्या यादीत तीच पहिली येते आणि पुष्कळ गेम पहिलीच उचलतात. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती ओपनजीएलवर चालते. तिथे तर मुख्य डिस्प्लेच्या चिपचाच ड्रायव्हर लोड होतो. आमच्याकडे एचडीएमआयवर ‘फक्त दुसरा पडदा’ ठेवलेला असायचा, म्हणजे मुख्य डिस्प्ले एनव्हिडियावर, म्हणून गेमही आपोआप तिच्यावर. सी लावल्यावर दोन्ही पडदे इंटेलवर आले आणि एनव्हिडियाला कुणी उठवलंच नाही. एचडीएमआय चालू असतानाही मुख्य डिस्प्ले लॅपटॉपचाच ठेवून गेम नुसता बाहेरच्या पडद्यावर सरकवला असता, तर हेच झालं असतं.

खात्री करायला गेममध्ये F3 दाबा. उजवीकडे चिपचं नाव येतं. आमच्याकडे तिथे Intel UHD दिसत होतं. गेमच नको असेल तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये Display, मग Advanced display उघडून मॉनिटर निवडा. Connected to असं लिहून पुढे चिपचं नाव असतं. दुकानात लॅपटॉप घेताना एक मॉनिटर मागून घ्या आणि प्रत्येक पोर्टला लावून ही एक ओळ वाचा. विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही, तो “सगळ्या पोर्टवर ग्राफिक्स कार्ड चालतं सर” म्हणतो.

उपाय फुकटचा आहे, पण वाकडा. सेटिंग्जमध्ये Display, मग Graphics इथे प्रोग्राम जोडून High performance करायचं. लाँचर जोडून उपयोग नाही, कारण गेम चालवते ती `javaw.exe`, आणि ती लाँचरच्या पोटातल्या फोल्डरात लपलेली. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या Details मध्ये तिच्यावर राइट क्लिक करा, Open file location म्हणा, तो पत्ता घ्या. हे केल्यावर सी पोर्टवरही फ्रेम्स सत्तरच्या वर गेल्या. छत्तीस हजार वाचले.

मग ऐंशी का नाही? रंगवलं एनव्हिडियाने, तरी मॉनिटरची तार इंटेलच्या हातात. प्रत्येक फ्रेम आधी लॅपटॉपच्या रॅममध्ये नेऊन ठेवायची, तिथून इंटेल ती उचलून बाहेर पाठवणार. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम साधारण ८ एमबीची, सेकंदाला १४४ धरल्या तर सव्वा जीबीच्या आसपास, आणि रॅमला ती एकदा लिहायची, एकदा वाचायची. गेमला आणि प्रोसेसरला रॅम लागते ती वेगळीच. माझ्यात कंपनीने ८ जीबीची एकच पट्टी दिली होती. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला २५.६ जीबी, दोन पट्ट्यांचा दुप्पट. जुन्या बाजारातून दुसरी पट्टी आणून टाकली तेव्हा सी पोर्टवरचा फरक जेमतेम जाणवण्याइतका उरला. मात्र एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधला Display हा अख्खा विभागच सी पोर्टवर नाहीसा होतो, आणि त्याच्याबरोबर जी-सिंकही. चिपला मॉनिटर दिसतच नाही, तर ती सिंक कशाशी करणार?

इथपर्यंत मी सी पोर्टला शिव्याच घालत होतो. पुढे कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने अठराशे रुपयांत नवं एचडीएमआय डकवून दिलं (मदरबोर्ड बदला म्हणणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं), आणि मॉनिटर परत मागे लागला. तेव्हा कळलं की मत बदलायला हवं. एचडीएमआयला मॉनिटर लावला की एनव्हिडियाला झोपताच येत नाही. मी नुसती एक्सेलची शीट उघडून बसलो तरी ती जागी, हाताखालचा भाग कोमट आणि पंखा घुंऽऽ करत. सी पोर्टवर त्याच कामाला ती पूर्ण बंद असते आणि पंख्याचा आवाज येत नाही. वीज जाऊन बॅटरीवर आलो की फरक आणखी कळतो. म्हणून दिवसा माझं काम सी पोर्टवर, संध्याकाळी चिरंजीव केबल मागे लावतात. ओढाताण कमी व्हावी म्हणून एचडीएमआयला वीतभर लांबीची एक्स्टेन्शन कायमची खोचून ठेवली आहे.

म्हणजे लॅपटॉप वाईट नाही. स्वस्तात घ्यायचा म्हणून मक्स स्विचवालं वरचं मॉडेल सोडलं होतं. त्याचा उपयोग मुख्यतः लॅपटॉपचा स्वतःचा पडदा थेट एनव्हिडियाला जोडायला होतो, आणि आमचा पडदा गेमसाठी कुणी उघडतच नाही, तेव्हा ते पैसे वाचले याचं दुःख नाही. राग आहे तो पत्रकातल्या न छापलेल्या एका ओळीचा.

एक राहिलंच. गेमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना लाँचर वेगवेगळी जावा उतरवतो आणि प्रत्येकीची `javaw.exe` वेगळ्या फोल्डरात असते. परवा चिरंजीवांनी आवृत्ती बदलली आणि केबल सी मध्येच राहिली होती. पुन्हा अठरा फ्रेम्स, पुन्हा F3, पुन्हा Intel. नवा पत्ता यादीत जोडावा लागला. जुनाही ठेवला आहे, कारण चिरंजीवांचं एक जुनं जग जुन्याच आवृत्तीत उघडतं.