फोटोतलं पांढरं नाणं चांदीचं, निकेलचं की तांबं-निकेलचं?

कॅनडाचं 1968 सालचं 25 सेंटचं नाणं म्हणजे फोटो पाहून धातू ओळखू पाहणाऱ्याची कसोटीच. त्या वर्षाच्या सुरुवातीला ते निम्मी चांदी आणि निम्मं तांबं अशा मिश्रणातून पाडलं गेलं आणि त्याच वर्षी पुढे शुद्ध निकेलमधून. दोन्हींवर तीच राणी, तेच कॅरिबू जातीचं हरीण, तेच साल, आकारही तोच. त्यामुळे साल वाचून काहीच कळत नाही, धातूचा अंदाज रंगावरूनच बांधावा लागतो. तांबं-निकेलच्या मिश्रणाचं, म्हणजे साधारण 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल असलेलं नाणं शेजारी ठेवलं, की तुलना पूर्ण होते. रोजच्या वापरातल्या बऱ्याच पांढऱ्या नाण्यांचा धातू हाच असतो.

आधी चांदी. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचं पातळ पटल बसतं. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात, तसेच या पटलातही दिसतात, आणि पटल जाड होत जाईल तसे ते ठरलेल्या क्रमाने बदलतात: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, मग आकाशी, आणि त्यानंतर पुन्हा पिवळ्यापासून दुसरी फेरी. हिरवा रंग सहसा या दुसऱ्या फेरीतच येतो. शेवटी सगळं करडं-काळं होतं. कागदी पाकिटात किंवा अल्बममध्ये राहिलेल्या नाण्याच्या कडेला गंधक जास्त पोचतं, त्यामुळे मधून कडेकडे नजर नेली की पांढरा, सोनेरी, जांभळट, निळा असे पट्टे ओळीने लागतात. सोनेरीला लागूनच एकदम हिरवा पट्टा आला, किंवा एकच गडद निळा डाग अक्षरांवरून आणि चेहऱ्यावरून सरळ ओढल्यासारखा गेला, तर तो रंग उष्णता किंवा रसायन वापरून चढवल्याचा संशय घ्यावा.

मात्र एवढ्यावर चांदी ठरवू नये. तांबं-निकेलच्या न वापरलेल्या नाण्यांवरही असे पट्टे येतात, फक्त ते बहुतेकदा फिकट आणि धुरकट असतात. क्रम बरोबर असला तर एवढंच म्हणता येतं, की पटल आपसूक धरलं असावं. खाली धातू कोणता, ते सांगतो वापरलेल्या नाण्याचा काळेपणा. चांदीच्या नाण्यावर तो अक्षरांच्या बेचक्यांत आणि केसांच्या रेघांत साचतो, आणि बोटं लागणारे उंच भाग उजळ राहतात. काळ्या खाचा आणि त्यांच्या शेजारी पांढरा उंचवटा, असा फरक स्पष्ट दिसला की पारडं चांदीकडे झुकतं.

निकेल कंटाळवाणा धातू आहे, आणि ओळखताना तेच उपयोगी पडतं. तो सहजासहजी काळवंडत नाही. वर्षानुवर्षं हाताळलेलं नाणंही पोलादासारखं एकसारखं करडं राहतं. खाचांत मळ असतो, पण तो मातकट दिसतो, चांदीसारखा काळाकुट्ट नाही. निकेल कठीण असल्यामुळे कोरीवकामही कमी झिजतं, म्हणून जुनं असूनही रेघा धारदार आणि रंग मात्र मंद, असा जोड फोटोत दिसला की निकेल मनात आणावं. चकाकत्या निकेलला किंचित पिवळसर झाक असते आणि नवखे इथेच फसतात: ती झाक पाहून त्यांना चांदीवरचं पहिलं सोनेरी पटल वाटतं. फरक असा, की निकेलची झाक सगळीकडे सारखी पसरलेली असते, चांदीचं सोनेरी कडेला गडद आणि मध्ये विरळ असतं.

तांबं-निकेलच्या नाण्याचा करडा रंग उबदार असतो. झिजल्यावर तो भुरकट होतो, आणि जमिनीत पडून राहिलेल्या नाण्यावर तांबूस-तपकिरी थर किंवा हिरवे ठिपके येतात. आता अडचण अशी, की निम्म्या चांदीचं नाणंही झिजल्यावर असंच वागतं. टांकसाळीत ठसा उमटवण्याआधी कोरी चकती आम्लात उजळली, की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि चांदीची पांढरी कातडी राहते. ती कातडी घासली गेली की गालावर, खांद्यावर आतला पिवळसर धातू डोकावतो. ब्रिटनची 1920 ते 1946 सालची नाणी अशीच निम्म्या चांदीची आहेत आणि 1947 पासूनची तांबं-निकेलची. 1946 आणि 1947 चे झिजलेले हाफ क्राऊन फोटोत शेजारी ठेवले, तर निव्वळ रंगावरून पैज लावू नये. तिथे साल वाचता येतं ही सोय, कॅनडाच्या नाण्यात तीही नाही.

आता 1968 च्या दोन नाण्यांचा फोटो समोर आहे असं धरू. पहिल्यात राणीच्या केसांच्या रेघा काळ्या, गाल पांढरट पण टोकाला जरा पिवळा, आणि कडेच्या अक्षरांभोवती सोनेरी कड आहे. दुसरं सगळीकडे सारखं करडं, केसांच्या रेघा स्वच्छ, कडेला रंगाचा पट्टा नाही. पहिलं चांदीचं आणि दुसरं निकेलचं, हा माझा कौल. मात्र त्याआधी नाण्याखालचा कागद पाहायला हवा. तो पांढरा असायला हवा होता आणि फोटोत पिवळा दिसतोय, तर दिव्याचा रंग सगळ्याच गोष्टींवर चढलाय आणि निकेलही सोनेरी दिसेल. गडद निळ्या मखमलीवर काढलेल्या फोटोत कॅमेरा रंगाचा तोल सावरायला जातो आणि नाणं नाहक पिवळं करतो. उजळपणाचंही तसंच. चांदी प्रकाश निकेलपेक्षा बराच जास्त परावर्तित करते, पण प्रत्येक फोटोत कॅमेरा उजेड आपोआप जुळवून घेत असल्याने दोन वेगळ्या फोटोंची तुलना फोल ठरते. दोन्ही नाणी एकाच चौकटीत हवीत, किंवा शेजारी धातू माहीत असलेलं नाणं ठेवायला सांगावं.

कडेचा फोटोही मागावा. तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे थर चढवलेली नाणी कडेला तपकिरी पट्टी दाखवतात आणि तिथेच प्रश्न मिटतो. 1968 च्या या दोन्ही नाण्यांत गाभा वेगळा नाही, त्यामुळे कड इथे गप्प राहते.

रंग गप्प बसतो तो धुतलेल्या नाण्यावर. आम्लात बुडवून पटल काढलं की चांदी आणि निकेल दोन्ही फोटोत पांढरीच दिसतात, आणि अशा फोटोवरून कुणी ठामपणे धातू सांगत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा विकणाऱ्याला वजनकाट्याचा आणि लोहचुंबकाचा फोटो मागावा. 1968 चं चांदीचं नाणं 5.8 ग्रॅमच्या आसपास भरतं, निकेलचं 5 ग्रॅमच्या आसपास, आणि निकेलचं चुंबकाला चिकटतं. तांबं-निकेलचं नाणं मात्र चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाला न लागणारं पांढरं नाणं चांदीचंच, असा निष्कर्ष काढू नये. तिथे वजनच विचारावं.