टूल जोडताना इन्स्टाग्रामचं लॉगिन की फेसबुकचं? आधी कोड कुणाच्या फोनवर येतो ते पाहा

इन्स्टाग्रामला पोस्ट शेड्युल करणारं किंवा मेसेजला आपोआप उत्तर देणारं टूल जोडायला घेतलं की अनेक टूल्स दोन पर्याय देतात: इन्स्टाग्रामने लॉगिन करा किंवा फेसबुकने. दोन्ही अधिकृत आहेत. बहुतेक जण फीचर्स पाहून निवड करतात. माझ्या मते त्याआधी टू-फॅक्टरचा कोड कुणाकडे येणार आहे, ते ठरवायला हवं.

अकाउंटची अट दोन्हीकडे एकच आहे: ते प्रोफेशनल हवं, म्हणजे बिझनेस किंवा क्रिएटर. पर्सनल अकाउंटमधला मजकूर वाचू देणारा जुना एपीआय मेटाने ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला, त्यामुळे पर्सनल अकाउंटला आता अधिकृत वाट उरलेली नाही. बदल सेटिंग्जमधूनच होतो. मात्र प्रोफेशनल अकाउंट प्रायव्हेट ठेवता येत नाही, हे ध्यानात घेऊनच पुढे जा.

टूल चालावं म्हणून टू-फॅक्टर बंद करण्याचा सल्ला बरेचदा दिला जातो. तो ऐकू नका. अधिकृत पद्धतीत पासवर्ड आणि कोड तुम्ही इन्स्टाग्रामच्या किंवा फेसबुकच्या पानावरच टाकता आणि टूलला फक्त टोकन, म्हणजे तुमच्या वतीने काम करण्याची डिजिटल परवानगी, मिळतं. लॉगिनच्या वेळी ॲड्रेस बारमध्ये `www.instagram.com` किंवा `www.facebook.com` दिसलं पाहिजे. टूल स्वतःच्याच पानावर पासवर्ड आणि सहा अंकी कोड मागत असेल तर तिथेच थांबा.

आता फरक. इन्स्टाग्राम लॉगिनचा मार्ग जुलै २०२४ पासून आहे आणि त्याला फेसबुक पेज लागत नाही. कोड लागतो तो इन्स्टाग्राम अकाउंटचा. एकट्याचं अकाउंट असेल तर याहून सोपं काही नाही. फेसबुक लॉगिनच्या मार्गात इन्स्टाग्राम एखाद्या पेजशी जोडलेलं हवं आणि लॉगिन करणाऱ्याला त्या पेजवर पुरेसे अधिकार हवेत. इथे कोड लागतो तो त्या माणसाच्या स्वतःच्या फेसबुक अकाउंटचा.

समजा, एका नृत्यवर्गाचं अकाउंट तिघी मिळून सांभाळतात. एकीने इन्स्टाग्रामचं टू-फॅक्टर आपल्या मोबाइल नंबरवर लावलं आणि त्याच लॉगिनने टूल जोडलं. पुढे ती वर्ग सोडून गेली. टूल तरीही चालत राहतं, म्हणून कुणाच्या काही लक्षात येत नाही. दीर्घ मुदतीचं टोकन ६० दिवसांचं असतं आणि टूल ते मुदतीच्या आत परस्पर नवं करून घेतं. मग कुणीतरी सुरक्षेसाठी पासवर्ड बदलतं, टोकन रद्द होतं, टूल पुन्हा लॉगिन मागतं आणि कोड जातो सोडून गेलेल्या मुलीच्या फोनवर. हा मार्ग घ्यायचाच असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा, सेटअपच्या वेळी दिसणारी की दोन फोनवर भरा आणि बॅकअप कोड लिहून ठेवा. त्यातला प्रत्येक कोड एकदाच चालतो.

याच तिघींनी फेसबुकचा मार्ग घेतला असता तर प्रत्येकीचं लॉगिन आणि कोड वेगळा राहिला असता. जाणारीचे अधिकार काढायचे आणि दुसरीने आपल्या लॉगिनने टूल पुन्हा जोडायचं, एवढंच काम. टोकन मात्र इथेही व्यक्तीला बांधलेलं असतं. टूल जोडणारीने फेसबुकचा पासवर्ड बदलला तरी पोस्ट अडकतात. टूलच्या लॉगमध्ये हे दिसलं तर कारण तेच समजा:

```
"code": 190,
"error_subcode": 460
```

460 च्या जागी 463 असेल तर टोकनची मुदत संपली आहे. दोन्ही वेळा उपाय पुन्हा लॉगिन करण्याचाच.

या मार्गाची खरी डोकेदुखी वेगळी आहे. पेजसाठी टू-फॅक्टर सक्तीचं केलेलं असेल आणि जोडणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या फेसबुकला ते लावलेलं नसेल, तर अकाउंट जोडलेलं दिसूनही पोस्ट करण्याची विनंती नाकारली जाऊ शकते. लोक टूलला दोष देत बसतात. अशा वेळी बिझनेस पोर्टफोलिओच्या सेटिंग्जमधल्या सिक्युरिटी सेंटरमध्ये सक्ती कुणावर आहे ते आधी पाहा. आणि अकाउंटच दिसत नसेल तर परवानगीच्या पडद्यावर पेज आणि इन्स्टाग्राम या दोन्हींवर खूण करायची राहिली असण्याची शक्यता जास्त.

जाहिराती, प्रॉडक्ट टॅगिंग किंवा हॅशटॅग शोध टूलमधून हवा असेल तर प्रश्नच मिटतो, कारण या गोष्टी इन्स्टाग्राम लॉगिनमधून मिळत नाहीत. नुसतं पोस्ट, कमेंट आणि मेसेज एवढंच काम असेल, तर एकट्याने इन्स्टाग्राम लॉगिन घ्यावं. दोन किंवा अधिक माणसं असतील तर पेज उघडण्याची खटपट करून मी फेसबुकचाच मार्ग घेईन, आणि पेजवर पूर्ण अधिकार असलेली निदान दोन माणसं ठेवेन, दोघांचंही टू-फॅक्टर सुरू करून.