परकराचं जॉबवर्क: दोरा व्यापाऱ्याचा की आपला?

व्यापारी कापलेला माल देणार, आपण शिवून द्यायचं. परकराच्या कामात तो बहुतेक वेळा दोन दर सांगतो. उदाहरणापुरतं असं धरू: दोरा त्याचा असेल तर नगाला १५ रुपये, दोऱ्यासकट १७.५०. चार मशीनचा कारखाना सुरू करणाऱ्याला या अडीच रुपयांत काय काय येतं ते आधी कळायला हवं.

सहा कळ्यांचा परकर घ्या. सहा उभ्या शिवणी मिळून पावणेसहा मीटर, घेराची दुमड सव्वादोन मीटर, नेफा दोन मीटर. साध्या मशीनला शिवणीच्या लांबीच्या पावणेतीन-तीन पट दोरा लागतो, म्हणजे दहा मीटर शिवणीला ३० मीटर. ओव्हरलॉकचं तसं नाही. तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक एका मीटरला जवळजवळ १४ मीटर दोरा खातं. त्यामुळे त्याच पावणेसहा मीटरला तुटफूट धरून ९० मीटर जातात. एकूण १२० मीटर. ५००० मीटरचा कोन १०० रुपयांना धरला तर नगामागे २.४० रुपये. दोरा फार लागत नाही असं म्हणणाऱ्याने ५० नगांआधी आणि नंतर कोन वजनकाट्यावर ठेवून पाहावेत.

आता मशीनचा वेळ. चार कारागीर ४५० रुपये रोजाने, एक मदतनीस ३५० ने, आणि भाडं, वीज, सुया, तेल, दुरुस्ती, मशीनची झीज मिळून रोजचे ४५०. एकूण २६०० रुपये. आठ तासांत चार मशीनची १९२० मिनिटं होतात, पण गठ्ठे सोडणं, बॉबिन भरणं, उसवणं वजा जाता हाती १३०० लागतात. म्हणजे कामाचं एक मिनिट दोन रुपयांना पडतं. परकराला साडेसहा मिनिटं लागली तर १३ रुपये. पुष्कळ जण फक्त कारागिराची मजुरी मोजतात आणि रिकामी मिनिटं धरत नाहीत, म्हणून १२ रुपयांचा दरही त्यांना परवडल्यासारखा वाटतो.

व्यापाऱ्याच्या दोऱ्यावर १५ मधून १३ गेले, दोन रुपये उरले. आपल्या दोऱ्यावर १७.५० मधून १५.४० गेले, २.१० उरले. कागदावर दोन्ही सारखेच, खरा फरक काम सुरू झाल्यावर दिसतो.

व्यापाऱ्याचा दोरा हलका निघाला तर तो तुटत राहतो. साध्या मशीनला दोरा ओवणं सोपं, पण ओव्हरलॉकच्या लूपरचा तुटला की दोन मिनिटं सहज जातात. नगामागे सरासरी एक मिनिट वाढलं तर दोन रुपये गेले, म्हणजे हातात काहीच उरलं नाही. दोरा उशिरा आला तर आणखी वाईट. दिवसाचे २०० नग धरले तर एका तासाचे २५ नग बुडतात, म्हणजे ३७५ रुपये, आणि दिवसभराचा नफाच ४०० आहे. म्हणून हा दर घेताना पहिल्याच दिवशी त्याच्या दोऱ्यावर वीस-पंचवीस नग शिवून किती वेळा तुटतो ते मोजा, आणि दोरा मालाच्या गठ्ठ्यासोबतच येईल हे ठरवून घ्या.

आपल्या दोऱ्यात ही अडचण नाही, पण परकराला साडीगणिक रंग असतो. एका रंगाचे ४० नग आले तर दोरा लागतो ९६ रुपयांचा, पण ओव्हरलॉकला तीन आणि साध्या मशीनला किमान एक, असे चार कोन एकाच वेळी चढवावे लागतात. म्हणजे खिशातून ४०० गेले आणि ३०० रुपयांचा दोरा फळीवर पडून राहिला. तो रंग पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. यावर एक तोड आहे: ओव्हरलॉकच्या सुईत जुळता रंग आणि दोन्ही लूपरना कायम एकच मोतिया किंवा करडा दोरा. ओव्हरलॉकचा ऐंशी टक्के दोरा लूपरच खातात, आणि तो आतल्या बाजूला राहतो. व्यापाऱ्याला नमुना दाखवून आधी होकार मात्र घ्यायचा, नाहीतर पूर्ण लॉट परत येतो.

माझं मत स्पष्ट आहे. एका रंगाचे १३० च्या वर नग येत असतील तर दोऱ्यासकटचा दर घ्यावा. तेवढ्या नगांत लूपरचे कोन जवळपास संपतात आणि दोऱ्याची प्रत आपल्या हातात राहते. रंग पुष्कळ आणि नग थोडे असतील, आणि लूपरच्या एकाच रंगाला व्यापारी तयार नसेल, तर दोरा त्याचाच बरा. पण १५ ऐवजी १६ मागावेत, तुटीच्या अर्ध्या मिनिटाचा तो रुपया आहे. आणि तिसरंही बोलून पाहावं: दोऱ्यासकट १७.५०, पण रंगाला १०० नगांच्या खाली माल आला तर दोऱ्याचं बिल वेगळं. हे चलनावर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.