स्वतःच्या कारवर कर्ज : वर्षभर हप्ते भरल्यानंतरचा अनुभव

सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा धंदा करणाऱ्याला मार्च-एप्रिलमध्ये कापडासाठी रोख लागते आणि शाळांकडून पैसे येतात ते जुलैनंतर. त्यासाठी मी गेल्या वर्षी माझी जुनी, कर्जमुक्त कार तारण ठेवून एका फायनान्स कंपनीकडून २ लाख घेतले. गाडी आपल्याच दारात राहते, फक्त आरसीवर कंपनीचा बोजा चढतो. चारच दिवसांत पैसे खात्यात आले आणि कापड वेळेवर उचलता आलं, त्याबद्दल तक्रार नाही.

आता खर्चाचं बोलू. एजंटने सांगितलं, ‘‘चौदा टक्के, दोन वर्षं.’’ हे चौदा टक्के फ्लॅट असतात. म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत असलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण २ लाखांवरच धरतात. दोन वर्षांचं व्याज ५६ हजार, हप्ता सुमारे १०,६६७ रुपये. घटत्या शिल्लक रकमेवर हाच दर काढला तर तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेच्या चौदा टक्क्यांशी याची तुलना करायचीच नाही.

शिवाय हातात २ लाख येत नाहीत. प्रोसेसिंग फी अडीच टक्के अधिक जीएसटी मिळून ५,९०० गेले, कर्जाच्या विम्याचे ४,००० गेले, गाडीचं मूल्यांकन, स्टँप आणि आरटीओचं काम यात २,१०० गेले. खात्यात आले १ लाख ८८ हजार, हप्ता मात्र २ लाखांचाच. हे धरून खरा वार्षिक खर्च साडेएकतीस टक्के पडतो. हा आकडा शोधायला गणित यावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जदाराला सहीआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावंच लागतं आणि त्यात एपीआर, म्हणजे सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर, लिहिलेला असतो. ते आपल्याला कळणाऱ्या भाषेत द्यायचं असतं, म्हणून मराठीत मागा. एजंट फ्लॅट रेट तोंडी सांगतो, एपीआर कागदावर असतो. सही कागदावर होते. विमा सक्तीचा आहे का, हेही तिथेच विचारा.

जुलैत पैसे आले की कर्ज एकदम फेडून टाकू, असा बहुतेकांचा बेत असतो. माझाही होता. बारा हप्ते भरल्यावर हिशेब मागितला. निम्मे हप्ते गेले, पण मुद्दल १ लाख १२ हजार बाकी, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं. त्यावर मुदतपूर्व बंद करण्याचा पाच टक्के आकार आणि जीएसटी धरून १ लाख १९ हजार भरायचे होते. उरलेले बारा हप्ते १ लाख २८ हजार होतात. म्हणजे वाचणार फक्त नऊ हजार. त्यापेक्षा तीच रक्कम कापडात फिरवणं मला परवडतं, म्हणून हप्ते चालू ठेवलेत. करार करतानाच हा आकार किती आणि कोणत्या महिन्यानंतर लागतो हे बघा, कारण कर्ज लवकर बंद करायचं असेल तर खरा फरक तिथेच पडतो.

गाडी ओढून नेण्याची भीती खोटी नाही. माझ्या मावसभावाने याच पद्धतीने दुचाकीवर कर्ज घेतलं होतं (कंपनी वेगळी). दोन हप्ते बाउन्स झाले आणि अक्कलकोट रोडवर एमआयडीसीजवळ दोघांनी त्याला थांबवून चावी मागितली. त्याने चावी दिली नाही, आधी कंपनीचं अधिकारपत्र, ओळखपत्र आणि नोटिशीची प्रत मागितली. अधिकारपत्र होतं, पण नोटीस त्याला मिळालीच नव्हती. करारात जप्तीआधी किती दिवसांची नोटीस, ती कधी माफ होते आणि विकण्याआधी शेवटची संधी कशी मिळते हे लिहिलेलं असावं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो दाखवून त्याने दोन दिवस मिळवले आणि थकबाकी भरली. बळजबरीने गाडी हिसकावायचा अधिकार कोणालाच नाही. तसं झालं तर पोलिसांत जा, आणि कंपनीला लेखी तक्रार केल्यावर तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार करा.

गाडी एकदा यार्डात गेली की परत सोडवताना ओढण्याचा आणि रोजच्या पार्किंगचा खर्च आपल्याच खात्यावर चढतो. गाडी लिलावात कमी किमतीला गेली तर उरलेली बाकीही आपल्यालाच भरावी लागते. म्हणून गाडी देण्याची वेळ आलीच तर आतल्या सामानाची आणि गाडीच्या स्थितीची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि फोटो काढा.

घरात सोनं असेल तर आधी सोनेतारणाचा दर विचारा, बहुतेक वेळा तो बराच स्वस्त पडतो. माझं सोनं आधीच दुसऱ्या कामात अडकलं होतं, म्हणून मी गाडीकडे वळलो. शेवटचा हप्ता फिटला की एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून बोजा उतरवून घ्यायचा आहे. तो आपोआप उतरेल असं धरू नका. गाडी विकताना आणि विम्याचा क्लेम घेताना तोच बोजा आडवा येतो.