फुल नोड की हलकं वॉलेट: जुन्या व्यवहारात कुणी हात घातला तर कुणाला काय कळतं

बिटकॉइनचे व्यवहार आपले आपण तपासायचे, कुठल्यातरी वेबसाइटने हिरवी टिक दाखवली म्हणून मान डोलवायची नाही, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच: घरी फुल नोड, म्हणजे सगळे ब्लॉक उतरवून स्वतः तपासणारा प्रोग्राम चालवायचा, का इलेक्ट्रमसारखं हलकं वॉलेट पुरे? मी दोन्ही वापरलंय, आणि कल एका बाजूला आहे हे वाचताना कळेलच. हॅश म्हणजे काय हे माहीत आहे असं धरून चालतो.

आधी दोघं ज्या गोष्टीवर उभे आहेत ती बघू, आणि त्यासाठी ब्लॉक नंबर १७० सारखं सोपं उदाहरण दुसरं नाही. १२ जानेवारी २००९ चा ब्लॉक, सातोशीने हॅल फिनीला १० बिटकॉइन पाठवले तो. त्यात व्यवहार दोनच, एक मायनरला मिळालेलं बक्षीस आणि दुसरा हा. व्यवहारांचे हॅश जोडीजोडीने पुन्हा हॅश करत शेवटी एकच हॅश, म्हणजे रूट, उरतो, त्या झाडाला मर्कल ट्री म्हणतात. इथे ते फक्त दोन पानांचं, लॅपटॉपवर सहज करून बघता येतं:

```python
from hashlib import sha256
d = lambda x: sha256(sha256(x).digest()).digest()
a = bytes.fromhex("b1fea52486ce0c62bb442b530a3f0132b826c74e473d1f2c220bfa78111c5082")[::-1]
b = bytes.fromhex("f4184fc596403b9d638783cf57adfe4c75c605f6356fbc91338530e9831e9e16")[::-1]
print(d(a + b)[::-1].hex())
```

उत्तर `7dac2c56` ने सुरू होऊन `cb4c10ff` ने संपतं, आणि त्या ब्लॉकच्या हेडरमधला, म्हणजे ब्लॉकच्या सुरुवातीच्या छोट्या सारांशातला, मर्कल रूट नेमका तोच आहे. (ते `[::-1]` विसरू नका, स्क्रीनवर हे आयडी उलट्या क्रमाने दाखवायची पद्धत आहे, तसेच वापरले तर काहीच जुळत नाही.)

आता समजा कुणी त्या १० चे २० केले. व्यवहाराचा आयडी म्हणजे त्या अख्ख्या व्यवहाराचाच हॅश, त्यामुळे तो बदलला, मग रूट बदलला, रूट ८० बाइटच्या हेडरमध्ये बसतो म्हणून ब्लॉकचा हॅश बदलला, आणि १७१ च्या हेडरमध्ये तर १७० चा जुनाच हॅश लिहिलेला आहे, तिथे साखळी तुटली. इथे एक गंमत सांगतो. एकटा १७० नंबरचा ब्लॉक पुन्हा माइन करणं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेखालचा हॅश मिळेपर्यंत हॅश काढत राहणं, आज काहीच अवघड नाही, तेव्हाच्या डिफिकल्टीला सरासरी सव्वाचार अब्ज हॅश लागायचे, आजचं एक मशीन तेवढे डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. पण १७१ पुन्हा करायचा, मग १७२, असं करत नऊ लाखांच्या वर ब्लॉक, आणि शेवटचे आजच्या डिफिकल्टीचे. म्हणजे हॅश फक्त चोरी उघडी पाडतो, ती महाग करतो तो वरचा कामाचा ढीग.

हलकं वॉलेट यातलं फक्त हेडर सांभाळतं, सगळी मिळून सत्तर-ऐंशी एमबी. तुमचा व्यवहार ब्लॉकात आहे हे पटवायला सर्व्हर त्याला शेजारचे हॅश पाठवतो, वॉलेट ते एकेक जोडत रूटपर्यंत जातं आणि हेडरशी ताडून बघतं. १७० साठी एकच हॅश लागेल, ४०९६ व्यवहारांच्या ब्लॉकला १२, म्हणजे ३८४ बाइट. फोनवर चालतं, बॅटरी खात नाही, आणि सर्व्हरने १० चे २० केले तर रूट जुळत नाही, तिथल्या तिथे पकडला जातो. खरं सांगायचं तर हे बघून पहिल्यांदा वाटलं होतं की फुल नोडची कटकट कशाला हवी.

फुल नोड सगळे व्यवहार उतरवून प्रत्येक ब्लॉकचा रूट स्वतः काढतो, आणि समोरच्याने फेरफार केलेला ब्लॉक दिला तर `bad-txnmrklroot` म्हणून फेकून देतो. त्याला डिस्क सातशे जीबीच्या वर लागते, पहिला सिंक संयमाची परीक्षा बघतो. जुन्या ब्लॉकांच्या सह्या तपासणं तो डिफॉल्टने वगळतो हे खरं, पण रूट आणि हॅशची साखळी वगळत नाही, त्यामुळे आपल्या विषयापुरता त्याने फरक पडत नाही.

मग अडलं कुठे? मला एका मित्राने पैसे पाठवले, त्याच्याकडे कन्फर्मेशनही, म्हणजे व्यवहाराचा ब्लॉक धरून त्यावर चढत गेलेले ब्लॉक, दिसायला लागली, आणि माझ्या हलक्या वॉलेटमध्ये शून्य. कनेक्शन ठीक, हेडर ताजे, एररचं नाव नाही. सर्व्हर बदलला आणि व्यवहार लगेच दिसला. पैसे कुठे गेले नव्हते, पण डोक्यात जे बसलं ते हे: पहिला सर्व्हर मागे पडला होता, का बिघडला होता, का मुद्दाम गप्प होता, हे मला *कळायला मार्गच नव्हता*. मर्कल प्रूफ "हा व्यवहार आहे" एवढंच सिद्ध करतं. "तुझ्या पत्त्यावर याखेरीज दुसरं काही नाही" हे सिद्ध करायची सोय त्या झाडात नाही, कारण पानं ब्लॉकमधल्या क्रमाने लागतात, पत्त्याप्रमाणे नाही. पासबुकात छापलेली ओळ न् ओळ खरी, पण एखादं पान छापलंच नाही तर ते पासबुक बघून कळणार कसं, तसं झालं. वॉलेट हेडर अनेक सर्व्हरांशी ताडून बघतं, पण व्यवहारांची यादी एकाच सर्व्हरकडून घेतं. आणि त्या एकाला आपले सगळे पत्ते कळतात ते वेगळंच. फुल नोडला कुणाला विचारावंच लागत नाही, अख्खा ब्लॉक हातात असतो, एक व्यवहार जरी गाळला तरी रूट चुकतो.

दुसरी मर्यादा माझ्यावर ओढवली नाही, पण घडलेली आहे. ४ जुलै २०१५ ला नवा नियम लागू झाला आणि काही मायनर ब्लॉक पूर्ण न तपासताच पुढचा बांधत गेले, त्यातून सहा ब्लॉकांची अवैध साखळी तयार झाली. हॅश जुळत होते, कामही खरं होतं, म्हणून हलक्या वॉलेटांना ती चालून जात होती. त्यांच्या वापरकर्त्यांना नेहमीपेक्षा ३० कन्फर्मेशन जास्त थांबा असं सांगावं लागलं, अपडेट केलेल्या फुल नोडवाल्यांना काहीच करावं लागलं नाही.

अर्थात फुल नोड घेतला की डोळे मिटून बसा असंही नाही. तुमच्याच डिस्कवरचा एखादा जुना ब्लॉक बिघडला किंवा कुणी बदलला, तर सुरू होताना तो फक्त शेवटचे सहा ब्लॉक तपासतो. सगळे तपासून घ्यायचे तर सांगावं लागतं:

```
bitcoin-cli -rpcclienttimeout=0 verifychain 1 0
```

यात १ म्हणजे प्रत्येक ब्लॉकचा रूट पुन्हा काढ, ० म्हणजे सगळे ब्लॉक. रात्री लावून झोपा.

रोजची छोटी देवाणघेवाण फोनवरून असेल तर हलकं वॉलेट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, फक्त काही दिसलं नाही तर घाबरण्याआधी सर्व्हर बदलून बघा. पण जुने व्यवहार तपासणं हाच हेतू असेल तर मी नोडकडेच झुकेन. जागा कमी असेल तर `prune=550` टाकून जुने ब्लॉक तपासून झाल्यावर पुसता येतात, आणि कुणी प्रूफ आणून दिलं तर `verifytxoutproof` तरीही चालतं. मात्र पुढे-मागे फोनचं वॉलेट आपल्याच नोडला जोडायचा विचार असेल तर प्रून करू नका, इलेक्टर्ससारख्या सर्व्हरला सगळे ब्लॉक लागतात. डिस्क घेताना एसएसडीच घ्या, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सिंक रडतखडत चालतो, आणि एक टीबी आज पुरते पण मी तरी दोनची घेईन.